‘पानी’ अशुद्ध आणि ‘पाणी’ शुद्ध, असं कोणी ठरवलं?

प्रश्न: मी धुळे जिल्ह्यात राहते. मुलगी तिसरीत आहे. सासूबाई तिच्याशी अहिराणीच बोलतात. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, “ही ‘पानी’, ‘शाया’ असं बोलते आणि वहीत लिहितेही तसंच. अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, तिला व्याकरण नाही. घरात बोलणं बंद करा.” मला वाईट वाटलं, पण उत्तर सुचलं नाही. खरंच आमची बोली अशुद्ध आहे का? आणि सासूबाईंना काय सांगू?

उत्तर:

ताई, सासूबाईंना काहीच सांगू नका. त्यांचं चालू आहे ते चालू द्या. मी अमळनेर तालुक्यातला. तीस वर्षं अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांना मराठी कशी शिकवायची हे शिकवलं, आणि सुट्टीत गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांची बोली टेपवर घेतली. मॅडमचं एक म्हणणं खरं आहे: वहीत ‘पानी’ लिहिलं तर ते चूक धरलं जाईल आणि मुलीला ‘पाणी’ लिहायला शिकावंच लागेल. बाकीचं खरं नाही. ते का खरं नाही हे समजायला ‘पानी’ हा एकच शब्द पुरेसा आहे. म्हणून तोच नीट उलगडून सांगतो.

संस्कृतात पिण्याजोगं ते ‘पानीय’. त्यातला ‘न’ दातांमागचा आहे, म्हणजे तुमची मुलगी म्हणते तोच. पुढे महाराष्ट्री प्राकृतात शब्दाच्या मधे आलेल्या ‘न’चा सरसकट ‘ण’ झाला आणि ‘पानीय’चं ‘पाणिअ’ झालं. मराठीनं तो ‘ण’ ठेवला म्हणून आपण ‘पाणी’ लिहितो. ‘नवनीत’चं लोणी झालं तेही याच वाटेनं. आपल्याकडच्या अहिराणीत पुढे ‘न’ आणि ‘ण’ हे दोन उच्चार बहुतेक ठिकाणी एकत्र आले आणि ‘न’ उरला: पानी, लोनी, कोन. म्हणजे शुद्ध कशाला म्हणायचं याचं माप संस्कृत असेल, तर ‘पानी’ त्याच्या जवळ बसतं आणि ‘पाणी’ लांब जातं.

आता उलट बाजू बघा. संस्कृत ‘कर्ण’मध्ये ‘ण’ आहे. प्राकृतात ‘कण्ण’ झालं, तिथेही ‘ण’ आहे. मराठीत काय झालं? कान. ‘पर्ण’चं पान झालं, ‘सुवर्ण’चं सोनं झालं, ‘उष्ण’चं ऊन झालं. चारही शब्दांत मुळातला ‘ण’ गेला आणि ‘न’ आला. याचं कारण असं, की प्राकृतात जिथे जोड ‘ण्ण’ किंवा ‘ण्ह’ होता तिथे मराठीनं ‘न’ केला आणि जिथे सुटा ‘ण’ होता तिथे तो राखला. नियम अगदी व्यवस्थित आहे. पण ‘ण’चा ‘न’ करणं हा जर अपभ्रंश, तर प्रमाण मराठीनं तो कान, पान, सोनं, ऊन या शब्दांत शेकडो वर्षांपूर्वीच केला. अहिराणीनं तेच काम उरलेल्या शब्दांत केलं. एकाच प्रकारचा बदल एका ठिकाणी भाषेचा विकास आणि दुसऱ्या ठिकाणी जिभेचा अडाणीपणा कसा होऊ शकेल?

हिंदी घ्या. हिंदीतही ‘ण’ गळून ‘पानी’च झालं. दूरदर्शनवर बातम्या देणारी बाई ‘पानी’ म्हणते तेव्हा ती अशुद्ध बोलते असं तुमच्या मॅडमना वाटत नाही. तोच शब्द, तोच ‘न’, पण तुमच्या सासूबाईंच्या तोंडी आला की कानाला खुपतो. तेव्हा खुपतो तो आवाज नाही. तो आवाज ज्या माणसांची आठवण करून देतो ती माणसं खुपतात: शेतकरी, मजूर, न शिकलेली आजी. भाषेविषयीच्या समजुतींचा अभ्यास करणाऱ्यांना हे जगभर दिसतं. आधी माणसांची उतरंड लागते, मग त्यांच्या बोलण्यातली एखादी खूण पकडली जाते, आणि शेवटी असं वाटू लागतं की त्या खुणेतच काहीतरी कमअस्सल आहे.

याची दुसरी बाजू अशी, की वरच्या पायरीवरच्या माणसांच्या तशाच खुणा दिसेनाशा होतात. आपण सगळे ‘भाषा’ लिहितो आणि ‘भाशा’ बोलतो. मूर्धन्य ‘ष’ वेगळा उच्चारणारा मराठी माणूस आज शोधावा लागेल. ‘ज्ञान’ हा शब्द ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचा. मराठी माणूस तो ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदी माणूस ‘ग्यान’. ‘ऋषी’चा उच्चार आपण ‘रुशी’ करतो. पुण्यातल्या मुलाचा ‘ष’ बोलण्यातून गेलेला असतो आणि लिहिताना तो शब्दागणिक पाठ करतो. तुमच्या मुलीचा ‘ण’ बोलण्यातून गेलेला आहे आणि तिलाही तो लिहिताना पाठ करावा लागणार. दोघांची अडचण अगदी एकाच जातीची आहे. पण ‘भाशा’ म्हणणाऱ्या मुलाच्या आईला कोणी शाळेत बोलावून घरची बोली बंद करा असं सांगत नाही.

मग ‘पाणी’ प्रमाण का झालं? यात काही गूढ नाही. १८१८ साली पेशवाई गेली, इंग्रजांना शाळा आणि कचेऱ्यांसाठी एकसारखी मराठी हवी होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. कोशाचं काम शास्त्री-पंडितांच्या मदतीनं झालं आणि पुढच्या पाठ्यपुस्तकांतही पुण्याकडच्या शिकलेल्या वर्गाचं बोलणं पायाभूत धरलं गेलं. कोणती तरी एक बोली धरावी लागणारच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. छापखाना, परीक्षा, कोर्ट यांना एक ठरलेलं रूप लागतं. पण ते रूप पुण्याचं ठरलं ते तिथे सत्ता, शिक्षण आणि छपाई होती म्हणून. ‘ण’ अधिक तर्कशुद्ध किंवा अधिक सुंदर आहे म्हणून नाही. राजधानी अमळनेरच्या बोरी नदीकाठी असती तर आज पुण्याच्या पोरांना कोणीतरी “‘पाणी’ नव्हे, ‘पानी’ म्हण” असं दटावलं असतं.

‘शुद्ध’ हा शब्द किती हलता आहे हे माझ्या स्वतःच्या घरात मी पाहिलं. माझ्या वडिलांच्या शाळेच्या वहीत ‘घरांत’, ‘नाहीं’ असं अनुस्वार देऊन लिहिलेलं आहे. तेव्हा अनुस्वार न देणं ही चूक होती आणि त्याबद्दल छडी बसायची. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम सरकारनं मान्य केले आणि ते न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. जे अनुस्वार न दिल्याबद्दल वडिलांनी मार खाल्ला, तेच दिले की मला लाल शाई मिळू लागली. त्याच नियमांनी मराठीत ‘कवी’ आणि ‘गुरू’ दीर्घ झाले. संस्कृतात ते ‘कवि’ आणि ‘गुरु’ असे ऱ्हस्व आहेत. म्हणजे आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो ते संस्कृतशी इमान राखणं नव्हे. तो एक ठराव आहे, रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवण्यासारखा. तो पाळावा, मीही पाळतो, आणि आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून पाळून घेतला. फक्त त्याला ‘शुद्ध’ म्हटलं की न पाळणारा आपोआप ‘अशुद्ध’ होतो. म्हणून मी वर्गात ‘प्रमाणलेखन’ हाच शब्द वापरत आलो.

आता व्याकरण नसल्याची गोष्ट. ही तुम्ही घरी पाच मिनिटांत तपासू शकता. सासूबाईंना म्हणा, “आम्ही बाजारले जास.” त्या तुम्हाला थांबवतील आणि म्हणतील, “जास नही, जातस.” मी जास, तू जास, तो जास, ती जास, पण आम्ही जातस, तुम्ही जातस, त्या जातस. त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, तरी चूक ऐकताच त्यांचा कान उभा राहतो. हेच व्याकरण. ज्या बोलीत चूक करता येते त्या बोलीला व्याकरण असतंच, आणि अहिराणी बोलायला शिकलेल्या परगावच्या सुना किती चुका करतात हे तुम्ही सासरी आल्यावर स्वतः अनुभवलं असेल.

यावर एक शंका मला हमखास विचारली जायची: “सर, मी, तू, तो, ती सगळ्यांना ‘जास’च? मग बोलणारा बाई की पुरुष हे कसं कळणार? मराठीत ‘जातो-जाते’ असतं, ते जास्त तर्कशुद्ध नाही का?” संस्कृतात ‘गच्छामि’ म्हणणारा पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळत नाही. गुजरातीत आणि इंग्रजीतही कळत नाही. त्यानं कोणाचं काही अडलं नाही. प्रमाण मराठीत ‘जातो-जाते’ हा भेद आला, कारण तिथलं क्रियापद ‘जात’ या विशेषणासारख्या रूपापासून घडलं आणि विशेषणाचं लिंग त्याला चिकटलं. अहिराणीलाही लिंगभेद हवा तिथे तो आहेच: तो गया, ती गयी, तो जाई ऱ्हायना, ती जाई ऱ्हायनी. आणि तर्कच लावायचा तर खुर्ची ती, पंखा तो आणि टेबल ते, यामागचा तर्क कोणी सांगावा. भाषेत व्यवस्था असते, पण ती व्यवस्था हिशेबाच्या वहीसारखी नसते. प्रत्येक बोली काही भेद दाखवते, काही सोडून देते आणि सोडलेले भेद दुसऱ्या शब्दांनी भरून काढते.

भविष्यकाळात तर अहिराणी असं काही राखून आहे जे मराठीनं सोडलं. ‘मी करसू’ मधला ‘स’ हा संस्कृत ‘करिष्यामि’ मधल्या ‘ष्य’चा वंशज आहे. गुजरातीत तोच ‘करीश’ मध्ये दिसतो. मराठीच्या ‘करीन’ मध्ये त्याचा मागमूस नाही.

इथे मला तुम्हाला एका मोहापासून सावध करायचं आहे. असं काही ऐकलं की आपल्या माणसांची छाती फुगते. मग सभेत भाषण होतं, की अहिराणीच सगळ्यात जुनी, अहिराणीच मराठीची आई, आमचीच खरी शुद्ध. यात उतरंड तीच राहते, फक्त वर कोण आणि खाली कोण ते बदलतं. ‘करसू’ मध्ये जुना ‘स’ राहिला हे खरं, पण ‘न’ आणि ‘ण’ हा जुना भेद अहिराणीनं सोडला हेही तितकंच खरं. प्रत्येक बोलीत काही जुनं टिकतं आणि काही बदलतं. तिच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. आणि ज्या मापानं आपल्याला मोजलं गेलं त्याच मापानं आपण दुसऱ्यांना मोजतो, हे मी फार पाहिलं आहे. शिरपूर-शहाद्याकडे पावरी किंवा भिली बोलणारं पोर वर्गात आलं, की अहिराणी बोलणारे गुरुजी म्हणतात, “यांना भाषाच नाही.” अहिराणीवाल्यांतही धुळ्याकडची खरी आणि बागलाणातली मिसळीची, असं म्हणणारे भेटतात. मला हे ऐकून मॅडमच्या वाक्याइतकंच वाईट वाटतं.

‘बिघडलेली मराठी’ या म्हणण्यात आणखी एक गृहीत लपलेलं आहे: आधी प्रमाण मराठी होती आणि तिची मोडतोड होऊन अहिराणी झाली. तसं घडलेलंच नाही. ग्रियर्सननं भारतातल्या भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्यात मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, नाही. ती १९०७ सालच्या खंडात भिली भाषांबरोबर आहे, कारण तिचा सांगाडा त्याला गुजरातीच्या जवळचा वाटला आणि वरचा मराठीचा प्रभाव नंतरचा. ‘घरमा’ मधला ‘मा’, ‘दिधं-लिधं’ ही रूपं, वर सांगितलेला ‘स’, या सगळ्या खुणा त्या बाजूच्या आहेत. ‘माले-तुले’ मधला ‘ले’ मात्र आपल्याला वऱ्हाडीशी जोडतो. काही अभ्यासक अहिराणीला मराठीच्याच परिवारात धरतात आणि दोन्ही बाजूंना पुरावा आहे. मला स्वतःला या वादात फारसा रस नाही, कारण सीमेवरच्या भाषेला दोन्हीकडचे नातेवाईक असणारच. पण कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट पक्की: पुण्याची मराठी आणि आपली अहिराणी या जुन्या प्राकृतांतून आपापल्या वाटेनं आल्या. बहिणी असतील, चुलत बहिणी असतील, पण एक दुसरीची बिघडलेली प्रत नाही. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे आणि ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत. ज्यांनी घरी अहिराणी बोलूनही गणकाला “मराठी” सांगितलं ते यात नाहीत.

राहिला प्रश्न सुंदरतेचा, आणि तो सगळ्यात चिवट आहे. शुद्धतेचा दावा इतिहासानं खोडता येतो. पण “मला ते कानाला बरं वाटत नाही” असं कोणी म्हटलं तर काय बोलणार? इथे एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. ग्रीसमध्ये अथेन्सची बोली रुबाबदार आणि क्रीट बेटाची गावंढळ मानली जाते. १९७० च्या दशकात काही संशोधकांनी या दोन्ही बोलींचे आवाज ब्रिटनमधल्या अशा लोकांना ऐकवले ज्यांना ग्रीकचा गंधही नव्हता. त्यांना त्या दोहोंत कोणतीच अधिक छान किंवा अधिक प्रतिष्ठित वाटली नाही. सौंदर्य आवाजातच असतं तर ते परक्या कानालाही कळायला हवं होतं. ते कळलं नाही, कारण अथेन्सची सत्ता आणि क्रीटची शेती या गोष्टी त्या ऐकणाऱ्यांच्या डोक्यात नव्हत्या.

याच्याही आधी, १९६० साली, माँट्रियलमध्ये लँबर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दुसरी बाजू दाखवली होती. एकाच माणसाकडून तोच मजकूर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं की माणसं वेगवेगळी आहेत. इंग्रजी आवाज अधिक हुशार ठरला, आणि असं मत देणाऱ्यांत फ्रेंच बोलणारेही होते. मी आमच्या छात्राध्यापकांबरोबर हे अहिराणीवर करत असे. एका मुलाकडून कपाशीच्या फवारणीची माहिती आधी प्रमाण मराठीत आणि मग अहिराणीत वाचून टेप करायची, मधे इतरांचे चार आवाज घालायचे, आणि दुसऱ्या तुकडीला प्रत्येक आवाजाबद्दल दोन-तीन शब्द लिहायला सांगायचे. प्रमाण आवाजापुढे ‘हुशार’, ‘अधिकारी असावा’ असं यायचं. त्याच मुलाच्या अहिराणी आवाजापुढे ‘प्रेमळ’, ‘साधा’, ‘कमी शिकलेला’. लिहिणारी बहुतेक मुलं स्वतः अहिराणी घरातली असायची. दोन्ही आवाज एकाचेच होते हे कळल्यावर वर्गात जी शांतता व्हायची ती मी विसरलेलो नाही. एक मुलगी म्हणाली होती, “सर, मी माझ्या बाबांबद्दल असं लिहिलं.”

त्या ‘प्रेमळ’ आणि ‘साधा’कडे लक्ष द्या. अहिराणी किती गोड, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांना सगळा महाराष्ट्र मान डोलावतो. (त्यांची बोली जळगावकडची लेवा गणबोली, ती अहिराणी नव्हे. पण बाहेरच्याला हा फरक दिसत नाही, आणि न दिसणं हाही याच समजुतीचा भाग आहे.) ज्यांचे शब्द मुलानं टिपून ठेवले म्हणून १९५२ साली छापून आले, त्या स्वतः लिहू-वाचू शकत नव्हत्या. त्यांच्या बोलीतही ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. पाठ्यपुस्तकातल्या कवितेत तो शब्द आला की शिक्षक भावुक होऊन वाचतात, आणि तासाभरानं पहिल्या बाकावरच्या पोरीनं ‘डोया’ म्हटलं की तिला सुधारतात. गोडवा हे कौतुक आहे, पण त्यातून बोलीला एक खोली नेमून दिली जाते: गाणं, ओवी, विनोद, शिवी इथे चालेल, विज्ञान, हिशेब, अर्ज इथे नाही. तुमच्या सासूबाई कपाशीवरची बोंडअळी, जनावराचं अडलेलं बाळंतपण, सोसायटीच्या कर्जाचं व्याज हे सगळं अहिराणीतच बोलत असतील. बोलीला ते जमतं. फक्त ते छापलं जात नाही.

आता वहीकडे येऊ, कारण मुलीला मार्क हवेत आणि ते मिळायला हवेत.

मॅडमना भेटाल तेव्हा वाद घालू नका, वही घेऊन जा. वहीतल्या चुका दोन रकान्यांत मांडा. एका रकान्यात ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘य’: पानी, कोन, शाया, डोया. दुसऱ्यात बाकीच्या: काना-मात्रा सुटणं, अक्षर उलटसुलट होणं, शब्द अर्धा राहणं. बहुतेक मुलांत पहिला रकाना भरलेला आणि दुसरा रिकामा असतो. मॅडमना तो दाखवून सांगा, की ही मुलगी गोंधळलेली नाही. ती एका नियमानं लिहिते आहे आणि तिचं काम तो नियम सोडणं नसून दुसरा नियम शेजारी ठेवणं आहे. दुसरा रकानाच भरलेला असेल, तर बोलीला दोष देऊन मॅडम खरी अडचण नजरेआड करत आहेत, आणि त्याकडे वेगळं लक्ष द्यायला हवं.

एक चूक मात्र मला नेहमी काळजीत टाकते. मूल ‘गाय’च्या जागी ‘गाळ’, ‘कायदा’च्या जागी ‘काळदा’, ‘कान’च्या जागी ‘काण’ लिहू लागलं, तर समजा की त्याला कोणीतरी फार टोकलं आहे. ‘य’ म्हणजे चूक आणि ‘न’ म्हणजे चूक, एवढंच त्याला कळलं आहे, म्हणून ते जिथे तिथे ‘ळ’ आणि ‘ण’ पेरतं आहे. अशा मुलाला आणखी सुधारत बसलं की ते बोलायचंच थांबतं. तुमच्या मुलीच्या वहीत असे शब्द आहेत का, हे आजच बघा. असतील तर महिनाभर तिच्या बोलण्यातलं काहीच सुधारू नका. फक्त लिहिण्यातलं बघा, तेही दिवसाला चार शब्द.

शिकवण्याचा सोपा मार्ग म्हणजे जोड्या. डाव्या बाजूला आजीचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकाचा: पानी आणि पाणी, शाया आणि शाळा, काया आणि काळा. आजीचा शब्द खोडायचा नाही. तो तिथेच राहू द्यायचा, कारण मुलगी त्याच्याच आधारानं दुसरा लक्षात ठेवणार आहे. आणि कान, पान, सोनं, ऊन हे शब्द मुद्दाम वेगळ्या चौकटीत लिहा, “इथे आजी आणि पुस्तक सारखंच म्हणतात” असं वर लिहून. जोड्यांचा सराव झालेली मुलं या शब्दांत अडकतात.

मॅडम कदाचित म्हणतील की हिची जीभच वळत नाही. ते तिथल्या तिथे तपासता येतं. मुलीला ‘पाटी’, ‘डबा’, ‘ढग’ म्हणायला लावा. हे शब्द स्वच्छ येत असतील तर जीभ टाळूकडे नीट वळते आहे, बोलण्याच्या तज्ज्ञाकडे जायची गरज नाही. ‘पाटी’चं ‘पाती’ होत असेल तर मात्र दाखवून घ्या, त्यात बोलीचा काही संबंध नाही.

आणि ‘ण’ तिच्या तोंडात आधीपासूनच आहे. तिला ‘अंडं’ म्हणायला सांगा आणि ‘ड’च्या आधी थांबवा: “अं…” जीभ जिथे टेकली आहे तिथेच ‘ण’ आहे, कारण ‘ड’च्या आधीचा अनुस्वार आपण सगळे, अहिराणी बोलणारेही, ‘ण्’ असाच उच्चारतो. तिथून जीभ तशीच धरून “अण… आण… पाण…” असं म्हणवून घ्या. हा खेळ सासूबाईंबरोबर खेळायला सांगा. आजी ‘अंडं’ म्हणेल, नात तिला थांबवून ‘ण’ दाखवेल. आजीला लिहायचं नसेल, पण नातीनं शिकवलेलं तिला नक्की आवडेल.